ड्रिफ्ट ९ अंश आला, मग करेक्शन १० अंश का?

प्रश्न : सर, नागपूर ते बिरसी (गोंदिया) ट्रॅक ०७०, अंतर ७४ नॉटिकल मैल. टीएएस १०० नॉट, वारा ३१०/२०. मी ग्राफ पेपरवर त्रिकोण काढला. ड्रिफ्ट ९ अंश उजवीकडे आणि ग्राउंड स्पीड १११ आला, म्हणून हेडिंग ०६१ लिहिलं. उत्तरात हेडिंग ०६० आणि ग्राउंड स्पीड १०८ दिलाय. एका अंशाचा फरक पेन्सिलीचा म्हणून सोडून देऊ का? आणि वारा मागून असताना त्यांचा वेग माझ्यापेक्षा कमी कसा?

उत्तर :

सोडून देऊ नका. तुमची पेन्सिल ठीक आहे, मोजमापही ठीक आहे. तुम्ही काढलेला त्रिकोण अगदी अचूक आहे, फक्त तो दुसऱ्याच प्रश्नाचा आहे. "नाक ०७० वर धरून ठेवलं तर वारा मला कुठे नेईल?" या प्रश्नाचं उत्तर ९ अंश आणि १११ नॉट. तुम्हाला हवं होतं ते असं : "जमिनीवर मला ०७० च्याच रेषेवरून जायचंय, तर नाक कुठे धरू?" त्याचं उत्तर १० अंश आणि १०८ नॉट. दोन्हींत वारा एकच आणि विमानही एकच, म्हणून आकडे इतके जवळ आले की चूक मोजमापाची वाटली.

मी गेली बरीच वर्षं विद्यार्थ्यांना नेव्हिगेशन शिकवतोय. ही गल्लत बहुतेकांची होते, आणि ती सूत्र पाठ नसल्यामुळे होत नाही. कोणता बाण ठरलेला आणि कोणता शोधायचा हे मनात पक्कं नसतं, म्हणून होते. तेवढंच आधी नीट पाहू.

या हिशेबात बाण तीन. पहिला विमानाचा हवेतला बाण : दिशा म्हणजे हेडिंग, लांबी म्हणजे टीएएस. दुसरा वाऱ्याचा. तिसरा जमिनीवरचा : दिशा म्हणजे ट्रॅक, लांबी म्हणजे ग्राउंड स्पीड. पहिला आणि दुसरा जोडला की तिसरा मिळतो. प्रत्येक बाणाला एक दिशा आणि एक लांबी, म्हणजे एकूण सहा गोष्टी झाल्या. त्यातल्या चार माहीत असल्या की उरलेल्या दोन निघतात.

आता तुमच्या हातात कोणत्या चार आहेत ते बघा. वाऱ्याचं दोन्ही माहीत आहे. हवेतल्या बाणाची लांबी माहीत आहे, १०० नॉट, पण दिशा माहीत नाही. जमिनीवरच्या बाणाची दिशा माहीत आहे, ०७०, पण लांबी माहीत नाही. म्हणजे दोन बाण अर्धे-अर्धे माहीत आहेत. तुम्ही मात्र हवेतला बाण पूर्ण माहीत असल्यासारखा ०७० वर १० सेंटीमीटर काढून टाकलात. ०७० हा आकडा ट्रॅकचा होता, तो हेडिंगच्या जागी बसला. बस, सगळी चूक एवढीच.

तर ग्राफ पेपर पुन्हा घ्या. १ सेंटीमीटर म्हणजे १० नॉट. नागपूरचा ठिपका द्या आणि तिथून ०७० अंशांवर एक लांब रेघ ओढा. तिची लांबी मोजू नका, कागद संपेपर्यंत जाऊ द्या, कारण ती अजून आपल्याला माहीतच नाही. मग त्याच ठिपक्यापासून वाऱ्याचा बाण काढा. वारा ३१० म्हणजे ३१० कडून येणारा, म्हणून बाण १३० कडे जाईल, लांबी २ सेंटीमीटर. आता कंपासपेटीतला कंपास १० सेंटीमीटर उघडा, त्याचं टोक वाऱ्याच्या बाणाच्या शेवटी टेकवा आणि ट्रॅकच्या रेघेला छेदणारा चाप मारा. वाऱ्याच्या टोकापासून त्या छेदापर्यंत रेघ ओढली की तो तुमचा हवेतला बाण. कोनमापक लावा, ६० अंश येतील. नागपूरच्या ठिपक्यापासून छेदापर्यंतचं अंतर मोजा, १०.८ सेंटीमीटरच्या किंचित पुढे येईल. तोच ग्राउंड स्पीड, १०८ नॉट.

या कामात कंपास का लागला ते लक्षात घ्या. हवेतल्या बाणाची लांबी ठाऊक आहे आणि दिशा ठाऊक नाही, अशा बाणाचं टोक वर्तुळावर कुठेही असू शकतं. ते वर्तुळ ट्रॅकला जिथे भेटतं तीच आपल्या कामाची जागा. तुम्ही पहिल्या वेळी फक्त पट्टी आणि कोनमापक वापरला असेल, कंपास हातात घेतलाच नसेल. विद्यार्थ्याच्या वहीत चाप दिसला नाही की मला आकडे बघायच्या आधीच कळतं, त्रिकोण कुठला काढलाय ते.

मग ९ चे १० का होतात?

नाक ०७० वर असताना वारा विमानाच्या अक्षाशी १२० अंशांचा कोन करून डावीकडून, थोडा मागून लागतो. २० नॉटपैकी १० नॉट मागून ढकलतात आणि १७.३ नॉट उजवीकडे सारतात. म्हणजे विमान तासाला ११० मैल पुढे आणि १७.३ मैल बाजूला जातं. त्याचा कोन ९ अंश आणि जमिनीवरचा वेग १११. तुमचे आकडे हेच.

आता तुम्ही नाक डावीकडे, वाऱ्याकडे वळवलंत. वारा आपल्या जागी तसाच आहे, पण विमानाच्या अक्षाशी त्याचा कोन बदलला : १२० चा ११० झाला. पूर्वी जितका मागून होता तितका आता राहिला नाही आणि जास्त आडवा लागू लागला. म्हणजे नव्या हेडिंगवर ड्रिफ्टच बदलला, तो १० अंश झाला. ९ अंश हा जुन्या हेडिंगचा ड्रिफ्ट होता. ०६० वर उडताना ड्रिफ्ट १० अंश उजवीकडे आहे आणि नाक १० अंश डावीकडे आहे, म्हणून ट्रॅक ०७० वर बसतो.

वेगाचंही तसंच. ०७० वर विमानाचे पूर्ण १०० नॉट नाकाच्या दिशेने जात होते आणि वारा त्यांत भर घालून १११ करत होता, पण ते १११ ०७९ च्या रेषेवर होते, बिरसीच्या दिशेने नव्हते. बिरसीच्या रेषेवर राहायचं असेल तर १०० मधले काही नॉट वाऱ्याशी भांडण्यात खर्च होतात. १० अंश तिरकं उडताना ट्रॅकच्या दिशेने ९८.५ उरतात, त्यात वाऱ्याचे १० मिळवले की १०८.५. टेलविंड पूर्ण मिळतोय, फक्त दीड नॉट तिरकेपणाचं भाडं म्हणून गेलंय.

तुमचं ०६१ प्रत्यक्ष उडवलं असतं तर बिरसीच्या दक्षिणेला एक-सव्वा मैलावरून गेला असतात. हे तसं काहीच नाही. एका अंशाच्या अचूकतेने सतत उडवणं मलाही जमत नाही. पण हाच वारा ४० नॉटचा करून बघा. तुमच्या रीतीने ड्रिफ्ट १६ अंश येतो आणि खरं करेक्शन २० अंशांच्या थोडं वर. १६ अंश लावून निघालात तर ७४ मैलांनंतर जवळजवळ साडेचार मैल बाजूला असाल, आणि धुरकट हवेत तेवढ्यावरून धावपट्टी दिसत नाही. म्हणजे चूक छोटी राहिली ती वारा हलका होता म्हणून.

हिशेबाने

कागद नको असेल तर दोन ओळींत काम होतं. θ म्हणजे वारा जिकडून येतो ती दिशा आणि तुमचा ट्रॅक यांतला कोन, W वाऱ्याचा वेग, WCA म्हणजे करेक्शनचा कोन आणि GS म्हणजे ग्राउंड स्पीड.

```
sin(WCA) = W × sin(θ) / TAS
GS = TAS × cos(WCA) − W × cos(θ)
```

आपल्या उदाहरणात ३१० आणि ०७० यांत १२० अंश. १२० ची साइन ०.८६६, तिला २० ने गुणलं की १७.३, भागिले १००, म्हणजे ०.१७३. हा १० अंशांचा साइन. १२० ची कोसाइन उणे अर्धा, म्हणून दुसऱ्या ओळीतलं उणे-उणे अधिक होतं आणि १० नॉट मिळतात. ९८.५ अधिक १०, झाले १०८.५.

पहिल्या ओळीत कोन नेहमी ट्रॅकशी घ्यायचा, हेडिंगशी नाही. परीक्षेत विद्यार्थी इथेच घसरतो, कारण घाईत सगळेच आकडे "दिशा" वाटतात. आणि पहिल्या ओळीचा निकाल एकापेक्षा जास्त आला तर कॅल्क्युलेटर एरर दाखवेल. त्याचा अर्थ खराखुरा आहे : आडवा वारा तुमच्या वेगापेक्षा मोठा आहे, आणि नाक कुठेही धरलं तरी त्या रेषेवर राहता येणार नाही. कागदावर बघाल तर कंपासचा चाप ट्रॅकच्या रेघेपर्यंत पोचतच नाही.

या दुसऱ्या ओळीतून आणखी एक गोष्ट कळते, तीही सांगतो, कारण तुमच्या प्रश्नामागे ती आहे असं मला वाटतं. पुष्कळांची समजूत असते की वारा बरोबर काटकोनात आडवा असेल तर वेगावर परिणाम शून्य. वारा ३४०/२० धरा. मग θ ९० अंश, हेडविंड नाही, टेलविंड नाही. करेक्शन साडेअकरा अंश आणि ग्राउंड स्पीड ९८. दोन नॉट गेलेच. पुढून-मागून काहीही नसताना गेले, कारण विमान तिरकं उडतंय. वारा वाढला की हे भाडं झपाट्याने वाढतं. ४० नॉटच्या आडव्या वाऱ्यात ते ८ नॉटच्या वर जातं.

परतीचा प्रवास

आता बिरसीहून परत या. ट्रॅक २५०, वारा तोच. ३१० आणि २५० यांत ६० अंश, म्हणजे वारा उजवीकडून आणि पुढून. आडवा भाग तोच १७.३, करेक्शन तेच १० अंश, पण आता उजवीकडे, म्हणून हेडिंग २६०. ग्राउंड स्पीड ९८.५ वजा १०, म्हणजे ८८.५. तुमच्या पहिल्या रीतीने, नाक २५० वर धरून काढलं असतंत तर ड्रिफ्ट ११ अंश आला असता. जाताना ड्रिफ्ट करेक्शनपेक्षा कमी, येताना जास्त. वारा मागून असला तर असं, पुढून असला तर तसं.

जाताना ४१ मिनिटं लागतील, येताना ५०. वारा नसता तर जाऊन-येऊन ८९ मिनिटं झाली असती, आता ९१ झाली. जाताना जे कमावलं ते येताना परत तर दिलंच, वर दोन मिनिटं जास्त दिली. इंधनाचा हिशेब जाण्याच्या वेळेला दुपटीने गुणून करणारे विद्यार्थी मी पाहिलेत. इथे तो ८२ मिनिटांचा येईल आणि ९ मिनिटांचं इंधन कागदावरून गायब होईल.

परतीच्याच बाबतीत एक प्रसंग सांगतो. एक मुलगा, चांगला हुशार, अशाच वाऱ्यात बिरसीला उत्तम गेला. तिथे उतरून पाणी-बिणी पिऊन परत निघालो. त्याने गुडघ्यावरच्या लॉगमध्ये लिहिलं होतं : "करेक्शन १० डावीकडे." परतीलाही डावीकडेच लावलं, हेडिंग २४०. मी उजव्या सीटवर बसून काही बोललो नाही, हवा स्वच्छ होती आणि इंधन भरपूर. परतताना खाली तिरोडा आणि रेल्वेची लाइन दिसायला हवी होती. दहा-बारा मिनिटांनी त्याच्या समोर आलं दाट जंगल, टेकड्या आणि झाडीत चमकणारा तलाव. तो नकाशा उलटासुलटा करत होता. ते नागझिरा होतं. वाऱ्याने ११ अंश डावीकडे ढकललं, त्यात यानेही १० अंश डावीकडेच लावले, एकूण ट्रॅक २१ अंश चुकला. तेव्हापासून मी लॉगमध्ये "डावीकडे-उजवीकडे" लिहूच देत नाही. "वाऱ्याकडे" असं लिहायचं, आणि प्रत्येक टप्प्याला वाऱ्याचा छोटा बाण स्वतःच्या हाताने काढायचा. जाताना वारा डाव्या गालावर, येताना उजव्या गालावर, आणि नाक नेहमी त्या गालाकडे.

आकडे कुठून घ्यायचे, हे मात्र परिस्थितीवर आहे

तुमच्या गणितात टीएएस १०० दिला आहे, पण विमानात तो आकडा तुम्हाला काढावा लागेल. मे महिन्यात आपल्याकडे ५,५०० फुटांवरही ३० अंश सेल्सियस असू शकतात. प्रमाण हवेत तिथे ४ अंश असायला हवेत. इतक्या गरम, विरळ हवेत एअरस्पीड इंडिकेटर ८८ दाखवत असेल तेव्हा विमान हवेतून खरं १०० ने जात असतं. घड्याळातले ८८ तसेच सूत्रात घातले तर करेक्शन ११ अंश आणि ग्राउंड स्पीड ९६ येतो. करेक्शनमध्ये एकच अंशाचा फरक, पण वेगात १२ नॉटचा, म्हणजे वेळ ४१ च्या जागी ४६ मिनिटं. पाच मिनिटं आधीच खुणा येऊ लागल्या की विद्यार्थ्याला वाटतं आपण वाट चुकलो, आणि तो बरोबर असलेलं हेडिंग बदलतो.

वारा कोणत्या उंचीचा हेही बघा. सोनेगावला टॉवरने दिलेला वारा धावपट्टीवरचा असतो. तो उतरण्या-उडण्यासाठी. मार्गासाठी तुमच्या उंचीचा अंदाज घ्यायचा. जाताना पूर्वेकडचा ट्रॅक म्हणून ५,५०० आणि येताना ४,५०० असं उडत असाल तर दोन्हींचा वारा वेगळा असू शकतो, आणि माझं वरचं "वारा तोच" हे फक्त गणितापुरतं समजा. शिवाय अंदाजातला वारा ट्रू उत्तरेपासून असतो, तर टॉवरने सांगितलेला मॅग्नेटिक. नागपुरात ट्रू आणि मॅग्नेटिक उत्तरेतला फरक इतका किरकोळ आहे की इथे शिकलेल्यांना तो कधी जाणवतच नाही. परीक्षेत आणि बाहेरच्या देशात मात्र तो विसरून चालत नाही. आधी सगळं ट्रू मध्ये करा, हेडिंग निघाल्यावर शेवटी मॅग्नेटिक करा.

निघण्याआधी तोंडी तपासणीही करून घ्या, म्हणजे सूत्रात बोट चुकलं असेल तर कळेल. वाऱ्याच्या वेगाला ६० ने गुणून टीएएसने भागा : २० गुणिले ६० भागिले १००, आले १२. वारा पूर्ण आडवा असता तर साधारण एवढे अंश लागले असते. आपला वारा रेषेपासून ६० अंश बाजूला आहे (१२० म्हणजे मागच्या बाजूने ६०च), म्हणून १२ चे सत्त्याऐंशी टक्के, साडेदहाच्या आत. ३० अंश बाजूला असता तर निम्मे, ४५ असता तर पाऊणच्या जरा कमी. ही रीत किंचित जास्त सांगते, पण १० च्या जागी २० किंवा २ आले असतील तर लगेच पकडते.

हवेत हे कसं दिसतं

०६० धरून निघालात की पहिल्यांदा मनाला पटणार नाही. नाक तुमसरच्याही डावीकडे रोखलेलं असेल, आणि तरी तुमसर डाव्या पंखाकडे सरकत जाईल. २३-२४ मिनिटांच्या सुमारास ते तुमच्या डावीकडे अडीच मैलांवर असायला हवं. मग वैनगंगा ओलांडायची, आणि २९ मिनिटांच्या आसपास तिरोड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या जवळजवळ पोटाखाली. उजवीकडे भंडारा शहर साडेसात मैल दूर राहतं. तेच भंडारा तुम्हाला उजव्या पंखाखाली, दोन मैलांच्या आत दिसलं, तर समजा करेक्शन लागलेलंच नाही आणि विमान ०७९ वर वाहत चाललंय.

जीपीएस असेल तर त्यातला ट्रॅकचा आकडा आणि तुमचं हेडिंग शेजारी-शेजारी वाचा. धरा, हेडिंग ०६०, पण जीपीएस ट्रॅक ०७३ दाखवतोय आणि ग्राउंड स्पीड १११. आता मात्र तुमचा पहिला त्रिकोण कामाचा आहे! हवेतला बाण पूर्ण माहीत आहे, जमिनीवरचा पूर्ण माहीत आहे, आणि वारा शोधायचाय. दोन्ही बाण एकाच ठिपक्यापासून काढा आणि हवेतल्या बाणाच्या टोकापासून जमिनीवरच्या टोकापर्यंत रेघ ओढा. वारा २० नॉट नाही, २६ नॉट आहे, दिशा ३१० च्याच आसपास. त्या वाऱ्याला ०७० च्या रेषेवर करेक्शन साडेतेरा अंश लागतं, म्हणजे हेडिंग ०५७ च्या जवळ.

पण नुसतं ०५७ केलंत तर तुम्ही रेषेवर येणार नाही, रेषेला समांतर जाल. दहा मिनिटं ३ अंश चुकीने उडला असाल तर १८ मैलांत साधारण एक मैल उजवीकडे गेला आहात. पुढे ५६ मैल उरलेत. ६० मैलांत एक मैल म्हणजे एक अंश, तेव्हा तो मैल भरून काढायला आणखी एक अंश डावीकडे. हेडिंग ०५६ धरा, आणि तिरोड्याच्या चिमण्या येईपर्यंत त्याला हात लावू नका. त्या चिमण्या तुमच्या डाव्या हाताला, अर्ध्या मैलाच्या आत दिसल्या तर वारा नीट पकडलाय.